जेजुरीचा पिवळा ब्लॅक अँड व्हाइटमध्ये : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

काम ठरलं. सासवडला मामाकडे मामेभावाचं लग्न आहे, लग्नानंतर घरी जागरण-गोंधळ, आणि मामाला बाहेरच्या खोलीत जेजुरीचे फोटो लावायचेत. गेल्या सोमवतीला मी गडावर काढलेले आहेत त्यातलेच, पण कलर नकोत म्हणाला, "तुझ्या बाबांच्या अल्बममधल्यासारखे कर." बाबांच्या अल्बममध्ये जेजुरीचे चार ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट आहेत, रोलच्या काळातले, आणि मामाच्या डोळ्यात जेजुरी म्हणजे तेच चार फोटो.

मी हो म्हणाले, पण रात्री फोल्डर उघडल्यावर लक्षात आलं की ह्या फोटोंमध्ये रंग एकच आहे. पिवळा. भंडारा अंगावर, पायऱ्यांवर, पालखीवर, हवेत, लोकांच्या पापण्यांवर. ब्लॅक अँड व्हाइट करायचं म्हणजे तोच काढून घ्यायचा, मग उरतं काय? त्यामुळे ह्या कामात खरा प्रश्न एवढाच आहे की पिवळ्याला ग्रेच्या कुठल्या पायरीवर बसवायचं, आणि ते प्रत्येक फोटोच्या मूडप्रमाणे वेगळं असू शकतं का.

सात फोटो निवडले. चार सरळ आहेत, दीपमाळा, कासव, दिवटी धरलेला हात, कमानीतली गर्दी, त्यांच्यात फार डोकं घालावं लागणार नाही. तीन अवघड आहेत. एक, पालखीवर उधळलेला भंडारा, आभाळात ढग झालेला. दोन, म्हाताऱ्या वाघ्याचा चेहरा, कपाळभर भंडारा. तीन, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावरच्या पायऱ्या, भंडारा आणि खोबऱ्याचे तुकडे पडलेले. ह्या नोंदी मुख्यतः ह्या तिघांच्याच.

५ जानेवारी

पालखीचा फोटो घेतला. फोटोशॉपमध्ये वर ग्रे रंगाचा एक थर टाकून त्याचा ब्लेंड मोड `Color` केला, म्हणजे रंग जातो आणि उजेड तेवढा उरतो. भंडाऱ्याचा ढग गायब!! म्हणजे अक्षरशः. खाली पालखी, वर उचललेले हात, सगळ्यांची तोंडं वर, आणि ते ज्याच्याकडे बघतायत तिथे काहीच नाही, नुसतं राखाडी आभाळ.

कलरमध्ये इतका भडक दिसणारा ढग जातो कुठे म्हणून आयड्रॉपरने मोजलं. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाचा उजेड ० ते २५५ मध्ये मोजतात. भंडारा जिथे दाट आहे तिथे R 238, G 184, B 24. त्याच्या मागचं आभाळ, खाली क्षितिजाकडे धुरकट असतं ते, R 150, G 190, B 228. आता ह्या ग्रेचा हिशोब साधारण असा असतो:

```
Gray = 0.30 R + 0.59 G + 0.11 B
```

आपल्या डोळ्याला हिरव्या भागातला उजेड जास्त जाणवतो म्हणून G ला सगळ्यात जास्त वजन. आकडे घालून बघितले तर भंडारा येतो १८३ आणि आभाळ १८२. एकाचा फरक! रंग एकमेकांच्या अगदी विरुद्ध पण उजेड सारखा, आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये उजेडच उरतो ना. म्हणजे माझा फोटो चुकला नव्हता आणि सॉफ्टवेअरही बरोबरच करत होतं, फक्त कलरमध्ये ज्या गोष्टीने तो फोटो उभा होता ती गोष्ट ह्या हिशोबात मोजलीच जात नाही.

ह्यावर कॉन्ट्रास्ट वाढवून काही होत नाही हे पण करून बघितलं. दोन गोष्टी एकाच ग्रेवर बसल्या की उजेड-अंधाराचा कर्व्ह कसाही ओढा, दोघी बरोबरच वर जातात आणि बरोबरच खाली येतात. वेगळं करायचं ते रंग अजून शिल्लक असतानाच करायला हवं.

८ जानेवारी

ऑफिसमुळे दोन दिवस हात लावता आला नाही. आज चॅनल्स पॅनल उघडून एकेक चॅनल नुसता बघत बसले, आणि हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, कारण एका कलर फोटोच्या पोटात तीन वेगवेगळे ब्लॅक अँड व्हाइट फोटो आधीच असतात.

रेड चॅनल : भंडारा २३८, आभाळ १५०. ढग उजळ पांढरा, मागे मध्यम ग्रे आभाळ, लोकांचे चेहरे आणि हात उजळलेले. उत्सव वाटतो, दुपारचं ऊन वाटतं.

ग्रीन चॅनल : १८४ आणि १९०. इथे ढग जवळजवळ नाहीच. आणि वरच्या हिशोबात ५९ टक्के वजन ह्याचंच, तर ढग का गेला ते इथे डोळ्याने दिसतं.

ब्लू चॅनल : भंडारा २४, आभाळ २२८. हा बघून मी खरंच खुर्चीत मागे सरकले. पांढऱ्याफटक आभाळात काळा ढग, खाली काळवंडलेले चेहरे. जत्रा नाही वाटत, कुठेतरी आग लागलीये आणि लोक धुराकडे बघतायत असं वाटतं. एकच क्षण आहे, माणसं तीच, हात तेच.

ब्लू चॅनल जुनाट का दिसतो ह्याचं कारणही सरळ आहे. फिल्मच्या आधी फोटो काचेवर घ्यायचे, त्या सुरुवातीच्या काचांना निळाच उजेड कळायचा, पिवळा आणि लाल त्यांच्या लेखी अंधार. १८७३ मध्ये फोगल नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रंगद्रव्य घालून काचांना हिरव्याची जाणीव करून देता येते हे शोधलं आणि सगळे रंग पकडणाऱ्या फिल्म त्याच्याही बऱ्याच नंतर सर्रास झाल्या. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या फोटोंमध्ये आभाळ कोरं पांढरं असतं आणि चेहरे गडद. आपल्या डोक्यात 'फार जुना फोटो' म्हणून जे बसलंय ते बरंचसं ह्या निळ्या नजरेमुळे.

पालखीच्या फोटोला रेडच्या बाजूला जायचं हे आज पक्कं केलं.

११ जानेवारी

`Channel Mixer` लावला, खाली `Monochrome` वर टिक. तीन आकडे द्यायचे, कुठल्या चॅनलचं किती टक्के घ्यायचं.

पहिल्यांदा हावरटपणा झाला. R ११०, G २०, B उणे ३०. एकूण १०० होतात त्यामुळे वाटलं उजेड सांभाळला जाईल. आभाळ १३५ वर आलं, मस्त गडद, पण भंडाऱ्याचा हिशोब २९१ येतो आणि २५५ च्या वर तर काही नसतंच, त्यामुळे ढगाचा दाट भाग सपाट पांढरा ठिपका झाला. भंडाऱ्याला एक पोत असतो, मुठीतून सुटल्यावर आधी गोळा, मग त्याचे पदर सुटतात, मग धूळ, ते सगळं पुसलं गेलं. एकूण १०० असलं म्हणजे बरोबर असं नाही, ज्या रंगाकडे आपण लक्ष देतोय त्याच रंगाचा हिशोब स्वतः करून बघावा लागतो.

वर त्या उणे ३० ने अजून दोन त्रास केले. आभाळात रवा सांडल्यासारखा नॉइज आला, कारण ब्लू चॅनलमध्ये आधीच जास्त नॉइज असतो आणि वजाबाकीने तो जातो असं नाही, उलटा होऊन मिसळतो. आणि दीपमाळेच्या कडेला एक बारीक पांढरी रेघ उठली. लेन्समुळे रंगांच्या कडा अर्धा-एक पिक्सेल इकडेतिकडे पडतात, कलरमध्ये ती जांभळी छटा चटकन दिसत नाही, पण एका चॅनलमधून दुसरा वजा केला की तीच रेघ होऊन समोर येते. १०० टक्के झूम करून आभाळाला लागलेल्या कडा बघितल्या की लगेच कळतं. स्क्रीनभर फोटो बघून कधीच कळत नाही.

मग R ८०, G १०, B १०. भंडारा २११, आभाळ १६२. वजाबाकी नाही, नॉइज नाही, रेघ नाही. ढग उभा राहिला आणि त्याचे पदर दिसायला लागले. पहिल्या प्रयत्नासारखं नाटकी आभाळ नाही पण मला ते नकोच आहे.

१२ जानेवारी

मामाला फोनवर पाठवला. पाच मिनिटांनी फोन. "छान आलाय गं, पण हे पीठ वाटतंय. गिरणीत पीठ उडतं तसं."

मला आधी राग आला, मग परत बघितलं तर बरोबर आहे त्याचं. अजून पीठच दिसतंय. मग बाबांचा अल्बम काढला आणि त्यातला पालखीचा प्रिंट मॉनिटरशेजारी धरला. बाबांच्या कॅमेऱ्याच्या डब्यात पिवळा फिल्टर आहे, अजूनही आहे, चामड्याच्या छोट्या पाकिटात, आणि त्या प्रिंटमध्ये तो लावलेला असणार कारण आभाळ थोडं गडद आहे आणि भंडारा उजळ. पिवळी काच निळा उजेड अडवते, पिवळा जाऊ देते. म्हणजे मी आकड्यांनी जे केलं तेच बाबांनी एका काचेने केलं होतं. पण त्यांच्या फोटोत पीठ वाटत नाही. का?

बराच वेळ बघितल्यावर सापडलं. त्यांच्या प्रिंटमध्ये हवेत खोबऱ्याचे तुकडे आहेत आणि ते भंडाऱ्यापेक्षा पांढरे आहेत. डोळ्याला एकदा खरा पांढरा काय ते कळलं की शेजारचा भंडारा 'पांढरा नाही, पण उजळ आहे' असा वाचला जातो. माझ्या फोटोतही खोबरं उधळलेलं आहे! मोजलं तर खोबरं २३७ आणि भंडारा २११, फरक आहे पण उन्हात दोघंही पांढऱ्यातच जमा होतात.

मग मिक्सर तसाच ठेवून वर कर्व्ह घातला. खोबरं जिथे आहे ते २४० ला टेकवलं, भंडारा २०० ला खाली घेतला, आभाळ १४५. फार ओढाताण नाही, पण आता खोबरं चमकतं, भंडारा त्याच्या एक पायरी खाली बसतो आणि त्याच्या दाट भागात आतली सावली दिसते. मामाला परत पाठवला. "हां. आता भंडारा."

ह्यापुढे प्रत्येक फोटोत खोबरं माझा पांढरा. ज्या फोटोत खोबरं नाही तिथे टोपी, धोतर काहीतरी शोधीन, पण भंडाऱ्याला सगळ्यात पांढरं होऊ द्यायचं नाही.

१६ जानेवारी

वाघ्याचा फोटो. खांद्यावर काळी घोंगडी, गळ्यात कवड्यांची माळ, डोक्याला लाल फेटा, मागे गडाची काळी भिंत. आभाळ कुठेच नाही. हा माझा सगळ्यात आवडता फोटो आहे कारण तो माणूस कॅमेऱ्याकडे बघतोय पण त्याचं गाणं चालू आहे, ओठ अर्धवट उघडे.

पालखीचे ८०-१०-१० ह्याला तसेच लावले आणि फोटो बिघडला. आकडे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी विसरणार नाही. मोकळा गाल साध्या हिशोबात १०६ येतो, तो १२८ झाला. कपाळावरचा भंडारा १४८ चा १८२. डोळ्यातला पांढरा भाग मात्र १६२ चा फक्त १६७. म्हणजे आता कपाळ डोळ्यांपेक्षा पांढरं झालं, आणि चेहऱ्यात नजर जी आधी डोळ्यांवर जायची ती कपाळावर जायला लागली. डोळे विझल्यासारखे. लाल फेटा तर ८० चा १४४ वर जाऊन गालापेक्षा फिका पडला, जणू धुवून विटलेला.

आणि गालाचं ते १०६ चं १२८ मला जास्त टोचलं. आपल्या कातडीत लाल जास्त असतो म्हणून रेडने चेहरा उजळतो, सुरकुत्या आणि डाग बुजतात, स्टुडिओवाल्यांना ते आवडतं. पण हा माणूस उन्हात राबलेला आहे, त्याचा रंग तो त्याचा आहे, मी माझ्या मूडसाठी त्याला गोरा करणार नाही. हे मी फार ठामपणे लिहितेय कारण नकळत होतं हे. आपण आभाळासाठी स्लायडर हलवतो आणि माणसं गोरी होऊन बसतात, आणि छान 'ग्लो' आला म्हणून आपण खूश होतो.

दोन तास वेगवेगळे आकडे घालून बघितले. शेवटी R ३५, G ४५, B २० वर थांबले. गाल १०६, भंडारा १४३, डोळे १६२, म्हणजे साध्या हिशोबाच्या अगदी जवळ. जो हिशोब पालखीच्या फोटोत नालायक ठरला तोच इथे बरोबर, कारण इथे भंडाऱ्याच्या मागे आभाळ नाही, कातडी आहे, आणि कातडी त्याच्यापेक्षा मुळातच गडद. एका फोटोचा प्रीसेट बनवून सगळ्यांवर टाकायचा नाही हे ह्यातून कळलं, फोटोत पिवळ्याच्या शेजारी काय बसलंय त्यावर सगळं आहे.

इथे मूड सावलीतून आणला. घोंगडी आणि भिंत दोन्ही खाली दाबली, पण घोंगडीची लोकर दिसेल एवढी ठेवली. चेहऱ्याला हात लावला नाही.

१९ जानेवारी

पायऱ्या. ह्या फोटोत माणूस नाही. ऊन उतरलेलं, झिजलेला दगड, त्यावर भंडारा तुडवून तुडवून बसलेला, मध्ये खोबऱ्याचे तुकडे आणि एक तुटलेली चप्पल. दिवसभराचा गोंगाट संपल्यावर जे एक रितेपण येतं ते मला ह्यात पाहिजे होतं, आणि रेडच्या बाजूने ते येत नव्हतं, पायऱ्या झाडून चुना मारल्यासारख्या दिसत होत्या.

म्हणून उलट गेले. R १०, G २०, B ७०. भंडारा ७७, दगड ११२, खोबरं २२१. भंडारा दगडापेक्षा गडद झाला, ओल्या मातीसारखा जड, आणि त्यात खोबऱ्याचे तुकडे पांढरे ठळक. हाच तो फोटो. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

पण १०० टक्के झूम केल्यावर भंडाऱ्याच्या भागात चौकोन चौकोन. फरशी बसवल्यासारखे. कारण मी सोयीसाठी कॅमेऱ्यातली जेपीजी घेतली होती. जेपीजीत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवतात, डोळ्याला कलरमध्ये कळत नाही, पण एकटा ब्लू चॅनल उघडून त्याचाच फोटो करायला गेलं की ते चौकोन उघडे पडतात.

मग रॉ फाइल काढली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती, तर दुसरंच. जिथे ताजा भंडारा पडलाय तिथे B सरळ ० होता, पसरट काळे डाग, आत काही नाही. हळदीचा पिवळा इतका भडक असतो की `sRGB` च्या मापात तो मावत नाही, आणि न मावणारा भाग ब्लूमध्ये शून्यावर चेपला जातो. रॉ मधून एक्सपोर्ट करताना `ProPhoto RGB`, १६ बिट घेतलं, हे मोठं माप आहे, त्यात हळद मावते. त्याबरोबर शून्य गेले आणि काळ्या डागांमध्ये पावलांचे ठसे दिसायला लागले! बोटं सुद्धा. मात्र माप बदललं की सगळे आकडे बदलतात, त्यामुळे वरचे ७७-११२-२२१ ह्या फाइलला लागू नाहीत, इथे ब्लू अजून वाढवून डोळ्याने जुळवलं.

जरासा नॉइज आहे, तो राहू दिला. दगडाला शोभतो.

२३ जानेवारी

आता टोनिंग, म्हणजे न्यूट्रल ग्रेला हलकीशी छटा. माझ्या बहिणीने बघितल्याबरोबर "सेपिया कर ना, जेजुरी आहे, पिवळी छान दिसेल" असं सांगितलं. करून बघितलं. सगळ्या फोटोभर सारखा पिवळसर तपकिरी टाकला की दगड पिवळा, आभाळ पिवळं, घोंगडी पिवळी, चहा सांडल्यासारखं. भंडारा सगळीकडे असला की भंडारा कुठेच नसतो.

डार्करूममधला सेपिया असा सगळीकडे सारखा बसायचा नाही हे मला माहीत होतं. तिथे आधी ब्लीच करायचे, म्हणजे चांदीची प्रतिमा फिकी करायची, मग दुसऱ्या द्रावणात चांदीचं सल्फाइड होऊन तपकिरी रंग यायचा. ब्लीच आधी उजळ भाग खातं, कारण तिथे चांदी कमी. त्यामुळे लवकर बाहेर काढलं तर उजळ भाग उबदार आणि सावल्या तशाच न्यूट्रल काळ्या राहायच्या. सेलेनियम टोनर त्याच्या उलट, आधी गडद भागांना धरतो.

तर तेच धरून ठरवलं की छटा तिथे द्यायची जिथे पिवळा जाऊन बसलाय. पालखीच्या फोटोत भंडारा उजळ भागात आहे, म्हणून `Color Grading` मध्ये `Highlights` ला ह्यू ४५, सॅच्युरेशन ८, सावल्यांना काही नाही. आठ म्हणजे फार कमी, नुसता फोटो बघणाऱ्याला तो ब्लॅक अँड व्हाइटच वाटतो, पण शेजारी न्यूट्रल ठेवला की कळतं की ढगात ऊब आहे. आधी १५ ठेवलं होतं, ते 'रंगवलेलं' दिसत होतं.

पायऱ्यांच्या फोटोत भंडारा सावल्यांमध्ये उतरलाय, म्हणून तिथे उलट, `Shadows` ला ह्यू ३५, सॅच्युरेशन ६ आणि उजळ भाग न्यूट्रल. त्याने खोबरं थंड पांढरं राहिलं आणि खालचा भंडारा काळा न राहता गडद मातकट झाला. वाघ्याला काहीच दिलं नाही. दिलं होतं, काढलं. त्याच्या चेहऱ्यावर कुठलीही छटा टाकली की तो लगेच 'जुन्या काळातला' होतो आणि तो तर आजचा माणूस आहे, पुढच्या सोमवतीला तिथेच भेटेल.

२८ जानेवारी

टेस्ट प्रिंट. जवळच्या कलर लॅबमधून एक ८ बाय १२ काढून घेतला होता, नेहमीच्या कलर पेपरवर, तो हिरवट आला. रंगीत थरांमधूनच ग्रे बनवायचा असतो त्यामुळे तोल जरा ढळला की न्यूट्रल फोटोत लगेच दिसतं, कलर फोटोत लपून जातं. सात फोटोंना हे चालणार नव्हतं म्हणून ज्या प्रिंटरमध्ये काळ्याबरोबर ग्रे शाईच्या वेगळ्या बाटल्या असतात अशा ठिकाणी गेले, कॉटनचा मॅट पेपर घेतला.

मॅट पेपरवर काळा तेवढा खोल जात नाही, त्यामुळे आधी एक पट्टी छापली, ० ते ४० पर्यंत पाच-पाचच्या पायऱ्या. ०, ५, १०, १५ सगळं एकच काळं. २० पासून वेगळं दिसायला लागलं. म्हणजे घोंगडीची लोकर, जी स्क्रीनवर मला १२-१४ ला छान दिसत होती, ती कागदावर नाहीच. पायऱ्यांमधले पावलांचे ठसे पण त्याच पट्ट्यात. दोन्ही फोटोंच्या सावल्या कर्व्हने उचलून २२ च्या वर आणल्या. स्क्रीनवर आता ते जरा फिके वाटतात, पण प्रिंट बरोबर आला आणि भिंतीवर प्रिंटच लागणार आहे.

छटा सुद्धा ट्यूबलाइटखाली आणि खिडकीच्या उजेडात वेगळी दिसते. मामाच्या खोलीत पिवळा बल्ब आहे, त्याखाली हायलाइट्सचं आठ जरा जास्तच होतं, म्हणून पालखीचं सहावर आणलं.

२ फेब्रुवारी

सगळे प्रिंट घेऊन सासवडला. आई पण आली होती. मामाने जमिनीवर सतरंजी टाकून सातही मांडले. पालखीपाशी दोघं बसून "हा कोण, तो कोण" सुरू. वाघ्याचा प्रिंट आईने उचलून खिडकीत नेला आणि म्हणाली, "ह्याचा भंडारा कपाळावर बसलेला दिसतोय, लावलेला नाही." मला ह्याहून जास्त काही नको होतं.

पायऱ्यांच्या प्रिंटवर मामा गप्प झाला. मग म्हणाला, "फोटो म्हणून उत्तम आहे गं. पण भंडारा काळा? जागरणाला देवापुढे हा नको." मी सांगायला लागले की गर्दी गेल्यावरचं रितेपण, तो जडपणा, त्याने ऐकून घेतलं सगळं. "ते कळतंय मला. पण इथे नवरानवरी बसणार. भंडारा उजळच पाहिजे."

त्याचं म्हणणं मला पटलं. माझ्या मूडसाठी तो गडद बरोबर आहे, पण त्या खोलीत त्या दिवशी भंडाऱ्याला एक अर्थ आहे आणि तो माझ्या मूडच्या आधीचा आहे. वाद घातला नाही.

३ फेब्रुवारी

मामासाठी पायऱ्यांची दुसरी प्रत, `sRGB` च्या जुन्या मापातच, पण रॉ मधून काढलेली. R ६०, G ३०, B १०. भंडारा २००, दगड ११९, खोबरं २३५. ह्यात भंडारा दगडावर उजेड पडल्यासारखा दिसतो, चुना नाही, कारण खोबरं वर आहे आणि दगड मी कर्व्हने अजून थोडा खाली घेतला. तुटकी चप्पल तेवढी क्रॉप केली, मामाने सांगितलं नव्हतं, मलाच वाटलं. छटा हायलाइट्सला सहा, पालखीसारखीच, दोन्ही शेजारी लागणार आहेत.

गडद प्रिंट आई घेऊन गेली. तिच्या खोलीत बाबांच्या फोटोखाली जागा आहे. उद्या फ्रेमवाला, साधी काच नको, समोरच्या बल्बची चमक मारते, मॅट काच आहे का विचारायचं, पण मॅट काचेने सावल्या अजून फिक्या होतील, आधी एकावर लावून बघायची.